आठ रुपयांचा मोह आणि चौदा रुपयांचा दंड: वाहतूक तक्त्याची सुरुवात कशी करायची

कळमन्याहून कामठीला एक पोतं आठ रुपयांत जातं. खालच्या तक्त्यातला हा सगळ्यात कमी दर आहे. तक्ता पहिल्यांदा हातात घेणारा हमखास या आठावर बोट ठेवतो आणि म्हणतो, इथे मावतील तितकी पोती टाकू, बाकीचं मग बघू. ऐन तारुण्यात वाडीच्या एका गोदामात हिशेबाला होतो तेव्हा मीही हेच करायचो. आता संध्याकाळी पोरांना हा विषय शिकवतो, आणि दरवर्षी पहिल्या दिवशी कुणी ना कुणी आठावरच बोट ठेवतं.

वाहतूक तक्त्याचा प्रश्न एवढाच: कोणत्या गोदामातून कोणत्या गावाला किती पोती पाठवली तर एकूण भाडं सगळ्यात कमी पडेल. या लेखात एकच तक्ता दोन पद्धतींनी सोडवू. आधी किमान खर्चाची पद्धत, म्हणजे सगळ्यात स्वस्त घर आधी भरायचं. मग व्होगेलची पद्धत, ज्यात आधी प्रत्येक ओळीचा आणि रकान्याचा दंड काढतात. ही दुसरी पद्धत रेनफेल्ड आणि व्होगेल यांनी १९५८ साली मांडली. तेव्हा कागद-पेन्सिलीने बरीच गणितं होत, त्यामुळे सुरुवातच चांगली झाली तर पुढची खाडाखोड वाचायची. शेवटी त्याच तक्त्यातला एक आकडा दोन रुपयांनी बदलू. या विषयात मला सगळ्यात सांगावंसं वाटतं ते तिथे आहे.

तक्ता

एका डाळ व्यापाऱ्याची नागपूरभोवती तीन गोदामं आहेत असं धरू: पश्चिमेला अमरावती रोडवर वाडी, पूर्वेला कळमना, दक्षिणेला वर्धा रोडवर बुटीबोरी. पोती पोचवायची आहेत काटोल, कामठी, भंडारा आणि वर्धा इथे. घरातले आकडे म्हणजे एका पोत्यामागे रुपयांत भाडं. दर मी शिकवण्यासाठी बेतलेले आहेत, पण नकाशाला धरून.

| | काटोल | कामठी | भंडारा | वर्धा | गोदामात पोती |
|---|---|---|---|---|---|
| वाडी | १८ | १२ | ३४ | २६ | ६० |
| कळमना | २५ | ८ | २० | ३२ | ७० |
| बुटीबोरी | ३० | २० | ३६ | १७ | ७० |
| हवी पोती | ४० | ५० | ६० | ५० | २०० |

काहीही करण्याआधी दोन बेरजा करा. गोदामांची ६० + ७० + ७० म्हणजे २००. गावांची ४० + ५० + ६० + ५० म्हणजेही २००. दोन्ही जुळल्या तरच पुढे जायचं. जुळल्या नाहीत तर काय, ते शेवटाकडे येईलच.

आधी मोहाचा रस्ता

किमान खर्चाच्या पद्धतीत डोकं फार चालवावं लागत नाही. अख्ख्या तक्त्यातलं सगळ्यात स्वस्त घर शोधायचं आणि त्यात जितकी पोती बसतील तितकी टाकायची. गोदामातली शिल्लक आणि गावाची गरज, यातला लहान आकडा घ्यायचा. जे संपलं त्याच्यावर काट मारायची, आणि उरलेल्यात पुन्हा सगळ्यात स्वस्त घर शोधायचं.

पहिलं घर कळमना–कामठी, ८ रुपये. कामठीला ५० हवीत, कळमन्यात ७० आहेत, म्हणून ५० टाकली. कामठीवर काट. कळमन्यात उरली २०.

उरलेल्यांत सगळ्यात स्वस्त बुटीबोरी–वर्धा, १७. तिथे ५०. वर्ध्यावर काट, बुटीबोरीत उरली २०.

मग वाडी–काटोल, १८. तिथे ४०. काटोलवर काट, वाडीत उरली २०.

आता फक्त भंडारा उरला. त्याला ६० पोती हवीत, आणि तिन्ही गोदामांत प्रत्येकी २० पडली आहेत. निवड करायला काही उरलंच नाही. कळमन्याहून २० जातात २० रुपयांनी, वाडीहून २० जातात अख्खं शहर ओलांडून ३४ रुपयांनी, आणि बुटीबोरीहून २० जातात ३६ रुपयांनी.

खर्च मांडू: कामठीचे ४००, वर्ध्याचे ८५०, काटोलचे ७२०, आणि भंडाऱ्याचे ४०० + ६८० + ७२०. एकूण ३७७० रुपये.

भंडाऱ्याचा हिशेब पुन्हा वाचा. ६० पोत्यांचे तिथे १८०० रुपये गेले, जवळजवळ निम्मा खर्च. पहिल्या तीन पावलांत आपण फार हुशारीने वागलो असं वाटत होतं, आणि चौथ्या पावलाला बिल आलं. भंडाऱ्याला स्वस्तात पोचवणारं एकच गोदाम होतं, कळमना, आणि त्याची पोती आपण कामठीवर उधळली. कामठीला तर वाडीहूनही १२ रुपयांत माल गेला असता.

दंड म्हणजे काय

व्होगेलची पद्धत नेमका हा प्रश्न आधी विचारते: पहिली निवड हातची गेली तर किती जास्त मोजावं लागेल? प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक रकान्यात सगळ्यात लहान दर आणि त्याच्या पुढचा दर घ्यायचा. दोघांतला फरक म्हणजे त्या ओळीचा किंवा रकान्याचा दंड. भाषा कायद्याची असली तरी अर्थ घरगुती आहे: पस्तावा किती होईल त्याचा आकडा.

कामठीच्या रकान्यात १२, ८, २० आहेत. पहिली निवड ८, दुसरी १२, दंड ४. म्हणजे कळमना हुकलं तर पोत्यामागे फक्त चार रुपयांचा पस्तावा. भंडाऱ्याच्या रकान्यात ३४, २०, ३६. पहिली निवड २०, दुसरी ३४, दंड १४. इथे कळमना हुकलं की पोत्यामागे चौदा रुपये गेले. आठ रुपयांचं घर डोळ्यांत भरतं, पण तिथे गमावण्यासारखं फारसं काही नाही.

एक गोष्ट नवख्यांच्या हातून चुकते. एका ओळीत सगळ्यात लहान दर दोनदा आला, समजा १५ आणि १५, तर दंड शून्य. पुढच्या वेगळ्या आकड्यापर्यंत जायचं नाही. दोन वाटा सारख्याच स्वस्त असतील तर एक हुकल्याचा पस्तावा कसला?

आता दंडाचा रस्ता, पावलापावलाने

कागद आडवा धरा. दर पेनाने लिहा, शिल्लक पेन्सिलीने. उजवीकडे आणि खाली भरपूर समास सोडा, कारण दंड दर फेरीला नव्याने लिहायचे असतात. मी पोरांना जुने दंड खोडू देत नाही. त्याच्या शेजारी नवा रकाना करायचा, म्हणजे गडबड झाली तर कोणत्या फेरीत झाली ते दिसतं.

*पहिली फेरी.* ओळींचे दंड: वाडी १८ − १२ = ६, कळमना २० − ८ = १२, बुटीबोरी २० − १७ = ३. रकान्यांचे: काटोल २५ − १८ = ७, कामठी ४, भंडारा १४, वर्धा २६ − १७ = ९. सातही आकड्यांत मोठा भंडाऱ्याचा १४. म्हणून भंडाऱ्याच्या रकान्यात जायचं, आणि *त्या रकान्यातलं* सगळ्यात स्वस्त घर भरायचं: कळमना, २० रुपये. गरज ६०, शिल्लक ७०, म्हणून ६० टाकली. भंडाऱ्यावर काट, कळमन्यात उरली १०.

मी "त्या रकान्यातलं" मुद्दाम ठसवलं. दंड भंडाऱ्याचा काढायचा आणि पोती पुन्हा आठाच्या घरात टाकायची, असं वर्गात दरवर्षी दोघंतिघं तरी करतात. मोह सुटत नाही.

*दुसरी फेरी.* भंडाऱ्याचे तिन्ही दर आता मेले, ते दंडात धरायचे नाहीत. वाडी ६ तशीच. कळमन्याच्या ओळीत उरले २५, ८, ३२, म्हणून दंड २५ − ८ = १७. बुटीबोरी ३. काटोल ७, कामठी ४, वर्धा ९. सगळ्यात मोठा कळमना, १७. या ओळीतलं स्वस्त घर कामठी, ८. कळमन्यात उरलेली १० पोती तिथे. कळमना संपलं, कामठीला अजून ४० हवीत.

म्हणजे आठ रुपयांचं घर शेवटी भरलंच, पण भंडाऱ्याचं पोट भरल्यावर.

*तिसरी फेरी.* आता वाडी आणि बुटीबोरी या दोनच ओळी. वाडी ६, बुटीबोरी ३. काटोल ३० − १८ = १२, कामठी २० − १२ = ८, वर्धा ९. मोठा काटोल, १२. वाडीहून ४० पोती १८ रुपयांनी. काटोलवर काट, वाडीत उरली २०.

*चौथी फेरी.* वाडीच्या ओळीत उरले १२ आणि २६, दंड १४. बुटीबोरी ३, कामठी ८, वर्धा ९. मोठी वाडी. तिची २० पोती कामठीला १२ रुपयांनी. वाडी संपली, कामठीला अजून २० हवीत.

*शेवट.* एकच ओळ उरली, बुटीबोरी. एकाच ओळीत रकान्यांचे दंड निघत नाहीत आणि गरजही नाही. उरलेलं सरळ भरायचं: कामठीला २० पोती २० रुपयांनी, वर्ध्याला ५० पोती १७ रुपयांनी.

| | काटोल | कामठी | भंडारा | वर्धा |
|---|---|---|---|---|
| वाडी | ४० | २० | – | – |
| कळमना | – | १० | ६० | – |
| बुटीबोरी | – | २० | – | ५० |

खर्च: ७२० + २४० + ८० + १२०० + ४०० + ८५०. एकूण ३४९० रुपये. मोहाच्या रस्त्यापेक्षा २८० कमी.

तक्ता भरून झाला की तीन गोष्टी तपासा, उत्तरपत्रिकेत असो की गोदामात. प्रत्येक ओळीची बेरीज गोदामाशी जुळते का. प्रत्येक रकान्याची गावाशी जुळते का. आणि भरलेली घरं किती. ओळी ३, रकाने ४, तर भरलेली घरं ३ + ४ − १ = ६ हवीत. इथे सहा आहेत, आणि किमान खर्चाच्या वाटणीतही सहाच होती.

मागच्या वर्षी एका मुलीने विचारलं, "सर, दंड दर फेरीला परत काढायचा त्रास कशाला? मी पहिल्याच दंडांवर सगळं केलं, तरी ३४९० आले." मी तिची वही घेतली. खरंच आले होते. पहिल्या फेरीचे दंड शेवटपर्यंत तसेच ठेवले तरी या तक्त्यात भंडारा, कळमना, वर्धा, काटोल असा क्रम लागतो आणि पोती त्याच घरांत जाऊन पडतात. म्हणून तर ही चूक लपते. दंड जुना ठेवला की आपण अशा निवडीबद्दल पस्तावतो जी आता उपलब्धच नाही. कळमन्याचा १२ हा भंडाऱ्याच्या वीस रुपयांवर बेतलेला होता, आणि भंडारा तर पहिल्याच फेरीत कटला. मोठ्या तक्त्यात हा आकडा चुकीच्या दारात नेतो. मी स्वतः परीक्षेत असेच जुने दंड ठेवून सहा गुण घालवले आहेत, तिथे उत्तरही चुकलं होतं.

खरंच सगळ्यात कमी आहे का?

३४९० हे ३७७० पेक्षा कमी आहे, एवढंच आत्तापर्यंत सिद्ध झालं. दोन्ही पद्धती फक्त सुरुवातीची वाटणी देतात. ती शेवटची आहे की नाही, हे रिकाम्या घरांना विचारावं लागतं.

किमान खर्चाच्या वाटणीत वाडी–कामठी हे घर रिकामं होतं. तिथे एक पोतं टाकून बघू: १२ रुपये वाढले. वाडीतून भंडाऱ्याला जाणारं एक पोतं कमी करावं लागेल, ३४ वाचले. भंडाऱ्याची तूट कळमन्यातून भरू, २० वाढले. कळमन्यातून कामठीला एक कमी, ८ वाचले. फेरा पुरा झाला, सगळ्या बेरजा तशाच राहिल्या. हिशेब: + १२ − ३४ + २० − ८ = − १०. म्हणजे पोत्यामागे दहा रुपये वाचतात. किती पोती फिरवता येतील? जिथून कमी करतोय त्या घरांत २० आणि ५० आहेत, लहान आकडा २०. वाचले २०० रुपये, खर्च ३५७० वर आला.

मग बुटीबोरी–कामठी: + २० − ३६ + २० − ८ = − ४. तिथेही २० पोती फिरतात, ८० रुपये वाचतात. खर्च ३४९०. दोन दुरुस्त्यांनंतर मोहाचा रस्ता दंडाच्या रस्त्याला येऊन मिळाला, घरोघरी तीच पोती.

व्होगेलच्या वाटणीत सहा रिकामी घरं आहेत. प्रत्येकाचा असाच फेरा काढला तर वाढ येते: वाडी–भंडारा १०, वाडी–वर्धा १७, कळमना–काटोल ११, कळमना–वर्धा २७, बुटीबोरी–काटोल ४, बुटीबोरी–भंडारा ४. एकही उणे नाही. म्हणून ३४९० हा या तक्त्याचा सगळ्यात कमी खर्च.

तेव्हा फरक शेवटच्या उत्तरात पडत नाही. वाटेत किती फेरे घालावे लागले, त्यात पडतो. किमान खर्चाने सुरुवात सोपी झाली आणि दोन दुरुस्त्या कराव्या लागल्या. व्होगेलने दंडांचा खटाटोप झाला आणि दुरुस्ती शून्य. कागदावर एकेक फेरा शोधणं हे जिकिरीचं काम, त्यामुळे लहान तक्त्यांसाठी मला व्होगेल परवडतो. कुणी घाईत विचारलं आणि अंदाजच हवा असेल तर किमान खर्चालाही माझी हरकत नाही, फक्त त्याला अंदाजच म्हणायचं.

दोन रुपयांची गंमत

इथवर वाचून "व्होगेल म्हणजे खात्री" असं डोक्यात बसलं असेल तर ते आता काढू. भंडारा रोडवर भाडं जरा वाढलं असं समजा. कळमना–भंडारा २० ऐवजी २२. बाकी एकही आकडा बदललेला नाही.

पहिल्या फेरीचे दंड पुन्हा काढा. भंडाऱ्याचा रकाना: ३४ − २२ = १२. कळमन्याची ओळ: २२ − ८ = १४. बाकीचे तेच. आता सगळ्यात मोठा दंड कळमन्याचा, आणि त्या ओळीतलं स्वस्त घर कोणतं? आठ रुपयांचं. ५० पोती कामठीला.

पुढच्या फेरीत कामठी कटली. दंड: वाडी ८, कळमना ३, बुटीबोरी १३, काटोल ७, भंडारा १२, वर्धा ९. बुटीबोरी जिंकली, ५० पोती वर्ध्याला. तिसऱ्या फेरीत वाडीचा दंड ३४ − १८ = १६, तो सगळ्यात मोठा, ४० पोती काटोलला. आणि भंडाऱ्यासाठी पुन्हा तिन्ही गोदामांतली वीस-वीस उरली. घरोघरी तीच वाटणी जी मोहाच्या रस्त्याने आली होती. खर्च ३८१०. आधीची चांगली वाटणी या नव्या दराने ३६१० ला पडते, आणि रिकाम्या घरांचे फेरे तपासले तर तीच अजूनही सगळ्यात कमी आहे. म्हणजे व्होगेल इथे दोनशे रुपयांनी चुकला, तेही किमान खर्चाच्या खांद्याला खांदा लावून.

असं का झालं? कळमन्याच्या ओळीचा १४ काय म्हणतो ते ऐका: "माझं पोतं कामठीला गेलं नाही तर मला आठच्या जागी बावीस पडतील." हे कळमन्यापुरतं खरं आहे. पण कामठीला ते पोतं वाडीहून चारच रुपये जास्त देऊन मिळतं, आणि बदल्यात भंडारा वाडीच्या चौतीस रुपयांतून सुटतो. ओळीचा दंड फक्त आपली ओळ बघतो. समोरच्या रकान्यात कुणाची अडचण खरी आहे आणि कुणाची वरवरची, हे त्याला दिसत नाही. रकान्याचा दंडही तसाच, फक्त उभा. व्होगेल दोन्ही बाजूंना विचारतो आणि जो मोठ्याने ओरडेल त्याचं ऐकतो. बहुतेकदा ओरडणाऱ्याचं दुखणं खरंच असतं, इथे नव्हतं.

हे ओळखायची खूण मी पोरांना देतो ती अशी. दंडाने एखादी *ओळ* निवडली आणि तिच्यातलं स्वस्त घर भरायला निघालात, तर क्षणभर थांबून त्या घराच्या *रकान्याचा* दंड बघा. इथे कळमन्याचा १४, पण कामठीचा फक्त ४. शेजारीच भंडारा १२ घेऊन उभा, आणि त्यालाही कळमनाच हवं. असा ताण दिसला की नियम मोडू नका, परीक्षक गुण कापेल. फक्त समासात एक टिंब द्या. वाटणी पुरी झाल्यावर रिकाम्या घरांचे फेरे काढताना पहिला फेरा त्या रकान्यातल्या रिकाम्या घरांचा काढा. इथे टिंब कामठीवर असतं, आणि दोन्ही दुरुस्त्या, वाडी–कामठी आणि बुटीबोरी–कामठी, नेमक्या तिथेच आहेत: पहिलीत पोत्यामागे ८ वाचतात, दुसरीत २.

आणि दर २१ असता तर? कळमना १३, भंडारा १३, बरोबरी. बरोबरी झाली तर काय करायचं यावर वर्गावर्गांत वेगळा रिवाज आहे. कुणी म्हणतं, ज्यात स्वस्त घर मिळेल ते घ्या. त्या रिवाजाने आठ रुपयांचं घर येतं आणि आपण पुन्हा खड्ड्यात. कुणी म्हणतं, जिथे जास्त पोती एकदम बसतील ते घ्या. त्याने भंडाऱ्याची ६० पोती आधी बसतात आणि गाडी रुळावर राहते. दुसरा रिवाज नेहमी जिंकतो असं नाही, पण मला तोच बरा वाटतो, कारण मोठा गठ्ठा मागे राहून चुकीच्या घरात पडला तर नुकसानही मोठं. तुमच्या सरांनी एक रिवाज सांगितला असेल तर तोच लिहा.

दोन अडचणी

एकाच पावलात ओळ आणि रकाना दोन्ही संपले तर घरं कमी पडतात. मूळ तक्त्यात कळमन्यात ७० ऐवजी ६० आणि वाडीत ७० पोती असती, तर पहिल्याच फेरीत भंडाऱ्याची गरजही संपली असती आणि कळमनाही. अशा वेळी दोघांवर काट मारली की शेवटी पाचच घरं भरतात, सहा हवीत, आणि पुढे फेरे काढताना एखाद्या रिकाम्या घराचा फेरा पुराच होत नाही. उपाय साधा: काट एकावरच मारा. भंडारा काटा, आणि कळमना "शिल्लक ०" म्हणून जिवंत ठेवा. दुसऱ्या फेरीत त्याचा दंड १७ येतो, तेव्हा कामठीच्या घरात ० लिहा. हे शून्य म्हणजे रिकामं घर नव्हे, ते भरलेलं घर आहे. पेनाने ठळक लिहा, नाहीतर तपासणारा आणि तुम्ही दोघंही ते विसराल.

दुसरी अडचण बेरजा न जुळण्याची. मूळ तक्त्यात वाडीत ६० ऐवजी ८० असती, तर २० पोती कुठेच जायची नाहीत. त्यांच्यासाठी पाचवा, नावापुरता रकाना घालतात, सगळे दर शून्य. किमान खर्चाच्या पद्धतीला शून्य दिसलं की ती आधी तिथेच धावते, कोणत्याही गोदामाची पोती अडवून ठेवते. म्हणून तिथे हा रकाना शेवटी भरायचा. व्होगेलमध्ये घोटाळा वेगळा आहे. प्रत्येक ओळीत शून्य आल्यामुळे ओळीचा दंड म्हणजे तिचा सगळ्यात लहान दरच होऊन बसतो: वाडी १२, कळमना ८, बुटीबोरी १७. बुटीबोरीचा १७ हा दोन गावांमधला फरकच नाही, तरी तो भंडाऱ्याच्या १४ ला मागे टाकतो आणि पहिल्याच फेरीत बुटीबोरीत २० पोती अडकवतो. या तक्त्यात ते योग्यच ठरतं. नावापुरता रकाना दंडातून वगळून शेवटी भरला तरीही खर्च ३३३०च येतो. पण दोन्ही वाटा दरवेळी एकत्र येतीलच असं नाही, म्हणून मी वगळूनच करतो, आणि शेजारी तसं लिहून ठेवतो.

गोदामात मात्र या २० पोत्यांचा प्रश्न तक्त्याबाहेरचा असतो. बुटीबोरीत जागा आहे का, तिथल्या गोदामाचं भाडं किती, हे शून्याच्या जागी लिहिता आलं तर शून्य लिहूच नका, खरा आकडा लिहा. मग तो रकाना नावापुरता राहत नाही, आणि त्याचा दंडही बाकीच्यांसारखाच काढता येतो.